हातांसाठी लिहिलेली स्क्रिप्ट: कॅमेऱ्यासमोर न येणाऱ्या शिक्षिकेच्या एका व्हिडिओचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी शैक्षणिक व्हिडिओंच्या स्क्रिप्ट लिहितो आणि दुसऱ्यांच्या दुरुस्तही करतो. हे प्रकरण एका शिक्षिकेचं आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले किंवा गाळले आहेत. त्यांचे विद्यार्थी त्यांना बाई म्हणतात, म्हणून इथेही बाईच म्हणतो.

बाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्याजवळ एक तयार स्क्रिप्ट होती. विषय होता अभ्यासाची पद्धत: धडा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिलं तर जास्त दिवस लक्षात का राहतं. स्क्रिप्ट सुमारे ८४० शब्दांची होती. बाईंचा बोलण्याचा वेग मिनिटाला साधारण १२० शब्द, म्हणजे सात मिनिटांचा व्हिडिओ. मजकूर चांगला होता. सुरुवातीला त्यांच्या स्वतःच्या परीक्षेची एक आठवण, मग एक प्रयोग, मग करून बघण्याची कृती अशी ती रचना होती.

ही स्क्रिप्ट कॅमेऱ्याकडे बघून बोलण्यासाठी लिहिलेली होती, आणि बाई कॅमेऱ्याकडे बघून बोलू शकत नव्हत्या. त्यांनी अकरा वेळा प्रयत्न केला होता. त्यातली तीन चित्रणं मी बघितली. तिसऱ्या वाक्याला आवाज बारीक व्हायचा, नजर कडेला जायची आणि बाई थांबायच्या. शेवटी त्यांनीच ठरवलं की फक्त हात, टेबलावरच्या वस्तू आणि मागून आवाज एवढंच ठेवायचं. “शब्द तेच ठेवा, फक्त काय दाखवायचं ते सांगा,” असं त्यांचं मागणं होतं.

आधी विचारायचा प्रश्न

चेहरा नको म्हणणाऱ्या प्रत्येकाला तो एकाच कारणासाठी नको नसतो. कुणाला ओळख लपवायची असते. अशा वेळी आवाज, हातावरचा व्रण, अंगठी, मागे दिसणारी भिंत हे सगळंच जपावं लागतं. कुणाला आपलं दिसणं नकोसं वाटतं. कुणाला दिसण्याचं काही नसतं, पण भिंगाकडे बघून बोलणं जमत नाही. प्रत्येक वेळी स्क्रिप्ट वेगळी होते, म्हणून हे आधी विचारून घ्यावं लागतं.

मी बाईंना विचारलं, “उद्या कुणी तुम्हाला आवाजावरून ओळखलं तर चालेल का?”

त्या म्हणाल्या, “आवाजाचं काही नाही हो. वर्गात फळ्याकडे तोंड करून मी तासभर बोलते. समोर ती काच आली की शब्द पळतात. आणि नंतर तो चेहरा मला स्वतःलाच बघवत नाही.”

या उत्तरातून दोन गोष्टी कळल्या. आवाज लपवायची गरज नव्हती. त्यामुळे आठवणीचा भाग “मी” म्हणून सांगता येणार होता. दुसरी गोष्ट माझ्या वहीत लिहिलेली होती, पण तिचं महत्त्व मला बरंच उशिरा कळलं: फळ्यावर हात चालू असताना बाई सहज बोलतात.

तपासलेले पर्याय

हातांवर येण्याआधी आम्ही तीन पर्याय पाहिले. पाठमोरं किंवा सावलीत बसून बोलणं लगेच बाद झालं, कारण कॅमेरा आपल्याला बघतोय ही जाणीव त्यातही राहते. तयार मिळणारी चित्रफीत आवाजाखाली लावायची, तर या विषयावर वह्यांवर झुकलेली मुलं आणि पानं उलटणारी बोटं यापलीकडे काही मिळत नाही. सात मिनिटं तेच बघणारा माणूस शेवटी फक्त ऐकत असतो.

तिसरा पर्याय म्हणजे स्लाइड. त्यावर आम्ही बराच वेळ घालवला, कारण प्रयोगातले आकडे स्लाइडवर स्वच्छ दिसतात. तरी हात निवडले. पुस्तक मिटणं, कोरा कागद समोर ओढणं, आठवेल ते लिहिणं ही मुळात हाताने करायची कृती आहे. ती करून दाखवता येत असताना तिचं वर्णन स्लाइडवर लिहिणं मला पटेना. विषय करसवलतीचा किंवा एखाद्या कायद्याचा असता तर मी कदाचित स्लाइडच सुचवली असती.

पहिला मसुदा आणि त्याची चूक

बाईंच्या मागणीप्रमाणे मी शब्द तेच ठेवले. कागदाचे दोन भाग केले, डावीकडे आवाज आणि उजवीकडे वस्तू. “मेंदू” आला की मेंदूची प्रतिकृती, “वेळ” आला की घड्याळ, “विसरणं” आलं की पुसलेली पाटी, “परीक्षा” आली की उत्तरपत्रिका. मोजल्या तेव्हा चौतीस वस्तू झाल्या.

पहिली दोन मिनिटं आम्ही चाचणी म्हणून चित्रित केली. ती बघताना बाईच म्हणाल्या, “हे दुकानातला माल दाखवल्यासारखं वाटतंय.” अगदी बरोबर होतं. दर सहा-सात सेकंदांनी एक हात येऊन काहीतरी ठेवायचा आणि निघून जायचा. वस्तू यायची, तिचं नाव ऐकू यायचं आणि तिथेच तिचं काम संपायचं. प्रेक्षकाला जे कानाने आधीच कळलं होतं, तेच डोळ्यांनी परत कळत होतं.

दुसरा दोष याहून बारीक होता. चेहरा काही कामं न सांगता करत असतो. “पण थांबा” म्हणताना भुवया वर जातात, आठवण सांगताना नजर खाली जाते, एखादा दावा शंकास्पद असेल तर ओठ दुमडतात. मूळ स्क्रिप्टमध्ये अशी सतरा ठिकाणं मी नंतर खूण करून काढली. तिथले शब्द चेहऱ्याच्या भरवशावर लिहिलेले होते. चेहरा गेल्यावर ती वाक्यं नुसती लोंबकळत राहिली. “आता तुम्ही म्हणाल, हे तर सोपं आहे” हे वाक्य समोरून हसत म्हटलं तर छान वाटतं. टेबलावर पडलेल्या स्थिर पेनावर ते ऐकलं की कोण कुणाला म्हणतंय हेच कळत नाही.

हा पहिला निर्णयाचा क्षण होता. वस्तू कमी करून तेच शब्द ठेवायचे, की शब्दच नव्याने लिहायचे? बाईंची स्क्रिप्टवर माया होती, महिनाभर खपून त्यांनी ती लिहिली होती. म्हणून मी एकच परिच्छेद दोन्ही तऱ्हेने लिहिला आणि दोन्ही त्यांच्याकडून करवून घेतले.

वाक्यं कशी तपासली

नव्याने लिहिताना मी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारला: या वाक्यात काय बदलतं? काय दाखवू, हा प्रश्न मी मुद्दाम टाळला, कारण त्याच्या उत्तरात नेहमी नाम येतं आणि नामाची वस्तू होते. काय बदलतं, याच्या उत्तरात क्रियापद येतं, आणि हाताला क्रियापद लागतं. ज्या वाक्यात काहीच बदलत नव्हतं ते एकतर गेलं, किंवा हात बाहेर ठेवून स्थिर चित्रावर ऐकवलं.

आठवणीचा भाग मूळ स्क्रिप्टमध्ये असा होता: “मी विद्यार्थिनी असताना एका परीक्षेत माझ्यासोबत असं घडलं, की मी तो धडा पाच वेळा वाचलेला होता, मला तो अगदी पाठ आहे असा माझा विश्वास होता, पण प्रश्न समोर आला आणि मला एक ओळही आठवेना. तुम्ही कल्पना करू शकता मला काय वाटलं असेल.”

नव्याने लिहिल्यावर तो असा झाला:

आवाज: “हा धडा मी पाच वेळा वाचला होता.”
हात: पुस्तक उघडं आहे. दोन्ही हात ते मिटतात आणि चौकटीबाहेर सरकवतात.

आवाज: (शांतता, तीन सेकंद)
हात: उजवा हात कोरी उत्तरपत्रिका समोर ओढतो, पेन उचलतो, टोक कागदाला टेकतं. काहीही लिहीत नाही.

आवाज: “एक ओळसुद्धा आठवली नाही.”
हात: पेनाला टोपण लागतं. पेन कागदावर आडवं ठेवलं जातं. हात बाहेर.

“तुम्ही कल्पना करू शकता” हे वाक्य आपोआप गळलं, कारण टोपण लावलेल्या पेनाने ते सांगून टाकलं होतं. बाईंनी हा भाग दोनदा बघितला आणि म्हणाल्या, “ठीक आहे. बाकीचंही असंच लिहा.”

शब्द ८४० वरून ५१० वर आले. तरी व्हिडिओ फक्त दीड मिनिटाने लहान झाला. आवाजाला सव्वाचार मिनिटं लागली आणि उरलेलं एक मिनिट वीस सेकंद हातांच्या शांत कामाला. पहिल्यांदा अशी स्क्रिप्ट लिहिणारे इथेच चुकतात. ते शब्द मोजून लांबी ठरवतात आणि कृतीला वेळ ठेवत नाहीत. मग हात घाईने चालतात किंवा संपादनात कृती मध्येच कापावी लागते. मी प्रत्येक कृती टेबलावर करून घड्याळाने मोजली आणि कागदावर तिसरा रकाना सेकंदांचा केला. पुस्तक मिटून बाजूला सारायला चार सेकंद लागतात, हे बसल्या जागी सुचत नाही.

चौतीस वस्तूंच्या पाच झाल्या: पुस्तक, कोरे कागद, पेन, कार्डांचा गठ्ठा आणि दोन उथळ ट्रे. त्याच वस्तू शेवटपर्यंत परत परत आल्या. त्यामुळे शेवटी कोरा कागद पुन्हा समोर ओढला गेला तेव्हा बघणाऱ्याला परीक्षेतला तो पहिला कागद आपोआप आठवत होता.

“हे”, “इथे”, “असं” या शब्दांचाही विचार करावा लागला. हात दाखवत असताना “हा ढीग” म्हणणं सहज वाटतं, पण फोन बाजूला ठेवून नुसतं ऐकणाऱ्याला किंवा दृष्टिहीन श्रोत्याला त्यातून काहीच कळत नाही. म्हणून वस्तू पहिल्यांदा आली की नावाने सांगायची, “डावीकडच्या ट्रेमधली कार्डं” असं, आणि त्यानंतर “ही” म्हणायला मोकळं, असं ठरवलं.

प्रयोग टेबलावर मांडताना

स्क्रिप्टचा सगळ्यात कठीण भाग मधला होता. तो म्हणजे प्रयोग. मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा हा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. १२० विद्यार्थ्यांनी छोटे उतारे वाचले. एक उतारा त्यांनी परत वाचला, दुसरा न बघता आठवून लिहिला, दोन्हींना सात-सात मिनिटं. मग शेवटची चाचणी पाच मिनिटांनी, दोन दिवसांनी किंवा आठवड्याने. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत परत वाचलेला उतारा पुढे होता: त्यातलं ८१ टक्के आठवलं, तर आठवून लिहिलेल्यातलं ७५. दोन दिवसांनी चित्र उलटलं: ५४ आणि ६८. आठवड्याने ४२ आणि ५६.

हा उलटफेर हाच व्हिडिओचा गाभा आहे. परत वाचणाऱ्याला लगेच आपलं जास्त लक्षात राहिल्यासारखं वाटतं, आणि सुरुवातीच्या पाच मिनिटांत ते खरंही असतं. म्हणूनच ही सवय सुटत नाही. मूळ स्क्रिप्टमध्ये बाईंनी सहाही आकडे एका दमात म्हटले होते. ते कानाने धरून ठेवणं शक्य नव्हतं.

पहिला विचार शंभर मण्यांचा होता, एक टक्क्याला एक मणी. करून पाहिलं. वरून बघताना ८१ मणी आणि ७५ मणी सारखेच दिसतात आणि हाताने मोजून काढायला फार वेळ जातो. मग प्रयोगाच्या मांडणीतच उत्तर सापडलं. संशोधकांनी गुण देण्यासाठी प्रत्येक उताऱ्याचे ३० कल्पनाघटक केले होते, म्हणजे त्यात सांगितलेल्या ३० छोट्या गोष्टी. म्हणून ३० कार्डं घेतली. एक कार्ड म्हणजे उताऱ्यातली एक गोष्ट. टक्केवारी शिकवायची गरजच उरली नाही.

पण ३० चे ७५ टक्के साडेबावीस होतात आणि ८१ टक्के म्हणजे २४ पूर्णांक ३ दशांश. अर्धं कार्ड दुमडून ठेवलं तर सगळ्यांचं लक्ष त्या दुमडलेल्या कार्डाकडेच जाईल. साडेबावीसचे २३ केले तर २४ आणि २३ मध्ये एकाच कार्डाचा फरक उरतो, आणि खरा फरक जवळपास दोन कार्डांचा आहे. म्हणून २२ घेतली. दोन दिवसांनी १६ आणि २०, आठवड्याने १३ आणि १७. दोन्हीकडे चार कार्डांचा फरक, खऱ्या फरकाच्या अगदी जवळ. आवाजात “साधारण” हा शब्द ठेवला. पूर्णांकात आणताना प्रत्येक आकडा सुटा बघण्यापेक्षा दोन ढिगांतला फरक खरा राहतोय का हे बघायला हवं, कारण बघणारा ढिगांची तुलना करतो.

त्यानंतर मी एक निर्णय घेतला जो चुकला. दोन ट्रेमध्ये कार्डं मांडायची, “पाच मिनिटं” म्हणताना काही उचलायची, “दोन दिवस” म्हणताना आणखी, “आठवडा” म्हणताना आणखी. विसरणं प्रत्यक्ष घडताना दिसतं, हात मन लावून काम करतात, आणि डावा ट्रे उजव्यापेक्षा रिकामा होतो तो क्षण शब्दांशिवाय कळतो. आम्ही दोघेही त्यावर खूश होतो. त्यात काय चुकलं ते निष्पत्तीत सांगतो.

आवाज आधी की हात आधी

दोन्ही पद्धतींचा त्रास माहीत होता. आधी अंतिम आवाज रेकॉर्ड केला तर हातांना त्याच्यामागे धावावं लागतं. आधी हात चित्रित केले तर आवाज चित्राच्या लांबीत कोंबावा लागतो. आम्ही मधला मार्ग घेतला. बाईंनी फोनवर एक कच्चा आवाज रेकॉर्ड केला, तो कानात लावून हातांचं चित्रीकरण केलं, आणि कच्चं संपादन बघत बघत अंतिम आवाज घेतला.

वेळा नीट जुळल्या. हात शब्दाच्या किंचित आधी निघाला तर बरं वाटतं हेही दिसलं. हात ट्रेकडे जायला लागला की नजर तिकडे जाते आणि नेमक्या वेळी शब्द येतो. उलट झालं, म्हणजे शब्द संपल्यावर हात आला, तर हात आज्ञा पाळल्यासारखा दिसतो.

पण अंतिम आवाज निर्जीव झाला. पडद्याकडे बघत, कधी सुरू करायचं याची वाट बघत बाई बोलत होत्या, आणि कॅमेऱ्यासमोर यायचा तोच बारीकपणा पुन्हा आला. आठवणीच्या भागात तर कच्चा आवाज कितीतरी चांगला होता. तेव्हा मला वहीतलं ते फळ्याचं वाक्य आठवलं. आम्ही पडदा बंद केला, कार्डं आणि ट्रे बाईंच्या पुढ्यात ठेवले आणि प्रत्यक्ष कृती करत बोलायला सांगितलं. चित्रीकरण नव्हतं, फक्त माइक, तोंडापासून वीतभर. त्या मोकळेपणी बोलल्या. कार्डांची सळसळ आवाजात शिरली, काही वाक्यं परत घ्यावी लागली, पण अंतिम व्हिडिओत मुख्यतः हाच आवाज आहे. कार्ड ठेवल्याचे आणि टोपण लागल्याचे आवाज नंतर माइक जवळ धरून वेगळे घेतले. चेहरा नसलेल्या व्हिडिओत हे छोटे आवाज फार लागतात. त्यांच्याविना हात काचेमागचे वाटतात.

टेबलावरच्या अडचणी

कॅमेरा म्हणजे फोनच होता, आडव्या दांड्यावर टेबलाच्या बरोबर वर लावलेला. छतावरच्या एका दिव्याने हाताची सावली नेमकी कार्डावर पडायची. दोन बाजूंना दोन दिवे ठेवल्यावर ती फिकट झाली. टेबलावर पांढरा कागद होता, तो फोनला फार उजळ वाटायचा आणि हात काळवंडायचे, म्हणून राखाडी मॅट कापड अंथरलं. हात चौकटीत आला-गेला की उजेड वर-खाली व्हायचा. फोकस आणि एक्सपोजर लॉक केल्यावर ते थांबलं. हात चौकटीच्या खालच्या कडेनेच आत येतील अशी फोनची दिशा ठेवली. उलटी असती तर बाईंचा डावा ट्रे प्रेक्षकाच्या उजवीकडे गेला असता आणि आवाजातलं “डावीकडे” खोटं ठरलं असतं.

दोन अडचणींवर मात्र थांबून बोलायला हवं. पहिली, बाईंचे हात थरथरायचे. चेहऱ्यावरचा संकोच हातात उतरतो, हे मी आधी लक्षातच घेतलं नव्हतं. सावकाश करा, श्वास घ्या, असं सांगून काही होत नाही. म्हणून कृतीच बदलली. उचलून ठेवण्याऐवजी सरकवणं, मनगट टेबलाला टेकलेलं, पातळ कागदी कार्डांऐवजी जाड पुठ्ठ्याची कार्डं. सरकवताना थरथर दिसत नाही. स्क्रिप्टच्या हातांच्या रकान्यात “उचलतो” हे क्रियापद नऊ ठिकाणी होतं. त्यातली सात ठिकाणं “सरकवतो” अशी झाली.

दुसरी अडचण माझ्या निष्काळजीपणाची. चाचणीच्या चित्रणात कार्डं काचेच्या बरणीत ठेवली होती. संपादन करताना बाईंना बरणीच्या फुगीर काचेत खोलीसकट आपला चेहरा दिसला. इतका छोटा की मला दाखवल्यावरच दिसला. पण त्यांनी चार दिवस फोन उचलला नाही. त्यांच्या बाजूने बघितलं तर आमचं पहिलं ठरलेलं वचनच मोडलं होतं. बरणी गेली आणि उथळ ट्रे आले. त्यानंतर चित्रीकरणाआधी मी प्रत्येक वस्तू फिरवून बघतो: काच, चकचकीत धातू, बंद फोनचा काळा पडदा, घड्याळाची तबकडी, चष्मा. गोलाकार चकचकीत पृष्ठभागात जवळजवळ सगळी खोली मावते.

निष्पत्ती

व्हिडिओ पाच मिनिटं पस्तीस सेकंदांचा झाला. बाईंनी तो स्वतः पूर्ण बघितला. आधीच्या चित्रणांपैकी एकही त्यांना शेवटपर्यंत बघवलं नव्हतं. प्रेक्षक कुठपर्यंत टिकतात हे दाखवणाऱ्या आलेखात एक स्पष्ट खड्डा होता. प्रयोग सुरू होण्याआधी मी पंधरा सेकंद स्थिर पुस्तकावर संशोधकांची ओळख ऐकवली होती, नेमका तिथे. त्या पंधरा सेकंदांत काहीच बदलत नव्हतं. माझीच कसोटी मी तिथे लावली नव्हती.

मग एका मानसशास्त्राच्या विद्यार्थिनीने लिहून कळवलं की कार्डं काढण्याचा भाग चुकीचा समज देतो. ती बरोबर होती. मूळ प्रयोगात पाच मिनिटांनी, दोन दिवसांनी आणि आठवड्याने तपासलेले विद्यार्थी वेगवेगळे होते. एकाच गटाची तीनदा चाचणी झाली नव्हती. तशी झाली असती तर पहिली चाचणीच पुढच्यासाठी सराव ठरली असती, आणि मोजायची गोष्टच बिघडली असती. आवाजात बाईंनी “आठवड्याने तपासलेल्यांना” असं अचूक म्हटलं होतं. पण हात एकाच ट्रेमधून कार्डं काढत होते, आणि त्यामुळे त्याच माणसांच्या डोक्यातून त्या गोष्टी गळताना दिसल्या. शब्द आणि हात वेगळं सांगत असतील तर बघणारा हातांवर विश्वास ठेवतो.

युट्यूबवर चढवलेला व्हिडिओ त्याच दुव्यावर बदलता येत नाही, म्हणून खुलासा वर्णनात आणि सर्वात वरच्या टिप्पणीत लिहिला. बाईंनी तिचे आभारही मानले.

आता करायचं झालं तर

कार्डांचा भाग मी तीन जोड्यांत करीन. “पाच मिनिटं” म्हणताना दोन ट्रे आत सरकतील, त्यात २४ आणि २२ कार्डं आधीच मांडलेली असतील. मग ते बाहेर जातील आणि १६ व २० चे दुसरे दोन ट्रे येतील, मग १३ व १७ चे. नवे ट्रे म्हणजे नवी माणसं, हे न सांगता कळेल. कार्डं गळताना बघण्याचं ते नाट्य मात्र यात जातं, आणि मला ते अजूनही थोडं सलतं.

स्क्रिप्टच्या कागदावर आता चौथा रकाना असतो: आवाज बंद करून बघितलं तर ही कृती काय सांगते? चित्रीकरणाआधी विषय न जाणणाऱ्या एकाला कच्चं चित्रण मुकं दाखवून हा रकाना त्याच्याकडून भरून घेतो. त्या वेळी हे केलं असतं तर “काही गोष्टी हळूहळू विसरत गेल्या” असं उत्तर मिळालं असतं आणि चूक टेबलावरच सापडली असती.

आवाजाचा क्रमही बदलीन. कच्चा आवाजसुद्धा बाई वस्तू हाताळत असतानाच घेईन, आणि तो बरा निघाला तर तोच अंतिम ठेवीन. बाईंच्या दुसऱ्या व्हिडिओचं काम सध्या याच पद्धतीने चालू आहे. त्यात फक्त तीन वस्तू आहेत, आणि कृतींचा रकाना या वेळी बाईंनी स्वतः लिहिला आहे.